परदेशी ग्राहकाचा ८-डी अहवाल: कसा वाचायचा आणि मूळ कारणाचे उत्तर कसे आखायचे

निर्यात करणाऱ्या कारखान्यात सकाळी ईमेल उघडावी आणि त्यात ग्राहकाचा तक्रार क्रमांक, दोन-चार फोटो आणि आठ रकाने असलेला एक तक्ता यावा, हा अनुभव भोसरी-चाकणपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत अनेकांना आहे. पहिले तीन रकाने ग्राहकाने अर्धवट भरलेले असतात, उरलेले तुम्ही भरायचे असतात. यालाच ८-डी अहवाल म्हणतात. यातील ‘डी’ म्हणजे डिसिप्लिन, म्हणजे समस्या सोडवण्याची एकेक पायरी. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये आपल्या कामासाठी ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात मांडली आणि पुढे ती जगभरच्या वाहन उद्योगात पसरली. जर्मन वाहन उद्योग संघटनेने, म्हणजे व्हीडीएने, तिच्यावर स्वतःचे मार्गदर्शक पुस्तक काढले आहे. त्यामुळे जर्मन ग्राहकाच्या नमुन्यात रकान्यांची नावे थोडी वेगळी दिसली तरी आतला क्रम तोच असतो.

क्रम थोडक्यात असा: डी १ मध्ये गट, डी २ मध्ये समस्येचे वर्णन, डी ३ मध्ये तातडीचा बंदोबस्त, डी ४ मध्ये मूळ कारण, डी ५ मध्ये कायमच्या उपायाची निवड, डी ६ मध्ये त्याची अंमलबजावणी, डी ७ मध्ये पुन्हा घडू नये यासाठी व्यवस्थेतील बदल आणि डी ८ मध्ये गटाच्या कामाची दखल घेऊन प्रकरण बंद करणे. आठही पायऱ्या सारख्या वजनाच्या नाहीत. उत्तर नापास होऊन परत येते ते बहुतेक वेळा डी २, डी ३ आणि डी ४ या तीन ठिकाणी. म्हणून या लेखात त्यांच्यावरच जास्त वेळ घालवू.

समजण्यासाठी एकच प्रकरण शेवटपर्यंत घेऊ. कारखाना आणि ग्राहक दोन्ही काल्पनिक आहेत, पण अशी घटना मशीन शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

प्रकरण काय आहे

पुण्याजवळचा एक छोटा कारखाना हायड्रॉलिक व्हॉल्व्हसाठी पोलादी स्लीव्ह बनवतो. बाहेरचा व्यास २६ मिलिमीटर, आतले भोक, म्हणजे बोअर, २० मिलिमीटर. भिंत जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. बोअरचे माप २० एच ७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ च्या दरम्यान हवे. ड्रॉइंगवर बोअरच्या गोलाईसाठी वेगळी मर्यादा आहे, ८ मायक्रॉन. या बोअरमध्ये ग्राहक एक दांडा बसवतो. त्याचे माप २० जी ६, म्हणजे १९.९८० ते १९.९९३. दोन्ही मापांत असतील तर दांड्याला निदान ७ मायक्रॉनची मोकळीक मिळते आणि तो सुळकन सरकतो.

जर्मनीतील ग्राहकाकडून तक्रार येते. ६०० नगांच्या लॉटपैकी २४० नग जोडणीला घेतले, त्यांपैकी १४ मध्ये दांडा अडकला. अहवालात लिहिले आहे: बोअर लहान, मोजलेले माप १९,९९२. सोबत दोन फोटो आणि तीन पानी मोजणी अहवाल.

आधी वाचा, मग गेज उचला

पहिली अडचण अगदी साधी असते, ती म्हणजे आकडे आणि खुणा. जर्मन कागदावर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. ‘१९,९९२’ म्हणजे एकोणीस हजार नऊशे ब्याण्णव नव्हे, तर १९.९९२ मिलिमीटर. तारीख दिवस, महिना, वर्ष अशी आपल्यासारखीच असते, पण अमेरिकी ग्राहक महिना आधी लिहितो, त्यामुळे ४ मार्च आणि ३ एप्रिल यांची अदलाबदल होते आणि भलत्याच लॉटचा शोध सुरू होतो. तपासणीच्या रकान्यात ‘आय.ओ.’ असेल तर नग ठीक, ‘एन.आय.ओ.’ असेल तर नापास. उत्तर लिहिताना महिना अक्षरी लिहिला की हा गोंधळ आपल्या बाजूने तरी राहत नाही.

त्यानंतर चार गोष्टी शोधायच्या. दोष कुठे सापडला: माल उतरवून घेताना, जोडणीच्या लाइनवर, की गाडी किंवा यंत्र चालू झाल्यावर? लाइनवर सापडला असेल तर ग्राहकाचे उत्पादन अडले आहे आणि उत्तराची मुदत तासांत मोजली जाते. नगावरची खूण काय आहे: तारीख, मशीन क्रमांक, लॉट? ड्रॉइंगची कोणती आवृत्ती धरून नग नापास केला आहे? आणि ग्राहकाने कशाने मोजले?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विसरला जातो. आपल्या प्रकरणातही तेच झाले. दर्जा विभागाने त्याच लॉटचे राखून ठेवलेले नग काढले, डायल बोअर गेजने मोजले, सगळे २०.०१० च्या आसपास. दर तासाच्या नोंदींचा आलेख काढला, तोही देखणा, एकही बिंदू मर्यादेबाहेर नाही. मालक म्हणाले, “आपले नग बरोबर आहेत, त्यांचेच मोजमाप चुकले असणार. तसे कळवून टाका.”

ती ईमेल गेली असती तर ग्राहकाकडची पत कायमची गेली असती. कारण मोजणी अहवालाच्या तिसऱ्या पानावर एक वर्तुळाकृती आलेख होता, तो कोणी नीट पाहिलाच नव्हता. गोलाई मोजणाऱ्या यंत्राने काढलेला तो आलेख होता. आकृती गोल नव्हती. बेलाच्या पानासारखे तिला तीन फुगवटे होते आणि खाली लिहिले होते: गोलाईतील चूक १८ मायक्रॉन. ग्राहक ‘बोअर लहान’ म्हणत होता, पण त्याच्याच पुराव्यात खरा दोष वेगळा दिसत होता. बोअर वाकडा होता.

दोघांची मोजमापे बरोबर, तरीही वेगळी

इथे थोडे थांबायला हवे, कारण संपूर्ण उत्तर याच मुद्द्यावर उभे राहते.

तीन फुगवटे असलेल्या भोकात प्रत्येक फुगवट्याच्या बरोबर समोर एक खोलगट बाजू नसते, तर आत आलेली भिंत असते. डायल बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंतले अंतर मोजते. एका टोकाला भिंत ९ मायक्रॉन बाहेर गेलेली, दुसऱ्या टोकाला ९ मायक्रॉन आत आलेली, म्हणजे बेरीज तीच. गेज कितीही फिरवा, काटा २०.०१० वरच उभा. आत बसणाऱ्या दांड्याला मात्र ही सरासरी कळत नाही. त्याला आत आलेल्या तीन भिंतींमधून जायचे असते आणि त्यांच्यात मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ फक्त १९.९९२ चे. दांडा १९.९९१ चा असेल तर उरली १ मायक्रॉनची मोकळीक. तो अडकणारच.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ग्राहकाने १४ नग सांगितले म्हणून खराब नग १४ असे होत नाही. दांडा १९.९८२ चा असेल तर याच वाकड्या बोअरमध्ये तो जाईल, सरकेल आणि जोडणी पासही होईल. म्हणजे उरलेल्या २२६ तयार व्हॉल्व्हमध्येही असे नग असू शकतात. ही गोष्ट ग्राहकाला आपणहून सांगायला धैर्य लागते. पण न सांगता ती तीन महिन्यांनी शेतातल्या किंवा खाणीतल्या चालत्या यंत्रात उघड झाली, तर तक्रारीचा प्रकारच बदलतो आणि खर्चही.

डी २ लिहिताना म्हणून ग्राहकाचे वाक्य जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याखाली आपले नेमके वर्णन द्यायचे. ‘बोअर लहान’ याऐवजी: “२० एच ७ बोअरमध्ये तीन फुगवट्यांची गोलाईतील चूक, १८ मायक्रॉनपर्यंत, मर्यादा ८. दोन बिंदूंत मोजलेला व्यास मर्यादेत. आत मावणारे वर्तुळ १९.९९२.” यानंतर ‘आहे आणि नाही’ अशी तुलना करायची. परत आलेल्या नगांवर मशीनचा क्रमांक ४ आहे, ३ नाही. तारखा ११ फेब्रुवारीपासून पुढच्या आहेत, त्याआधीच्या नाहीत. तिन्ही फुगवटे चकच्या जबड्यांच्या खुणांशी जुळतात, इतरत्र नाहीत. कच्च्या मालाचा हीट क्रमांक दोन्ही मशीनवर एकच होता. एवढ्यानेच पोलाद, ड्रॉइंग आणि उष्णतेची प्रक्रिया संशयातून बाहेर पडतात आणि सगळे बोट मशीन ४ च्या चककडे वळते. कारण शोधण्याआधी हा तक्ता भरला तर माशाच्या काट्यासारखी ती मोठी आकृती काढून तीस शक्यता लिहीत बसावे लागत नाही.

चोवीस तासांत काय पाठवायचे

बहुतेक ग्राहकांच्या दर्जा करारात डी ३ साठी २४ किंवा ४८ तास दिलेले असतात, मूळ कारणासाठी साधारण दोन आठवडे. करार काढून आपली मुदत पाहावी. पहिल्या दिवशी ग्राहकाला मूळ कारण नको असते. त्याला एवढेच हवे असते की माझ्या लाइनवर पुढचा खराब नग येणार नाही.

त्यासाठी आधी संशयित माल कुठे-कुठे आहे ते लिहायचे. आपल्या कारखान्याच्या यादीत हे निघाले: ग्राहकाच्या गोदामात ३६०, न्हावा-शेवाहून निघालेल्या कंटेनरमध्ये समुद्रात १,२००, कारखान्यात तयार ४५०, बर काढण्यासाठी बाहेर दिलेले १५०, आणि मशीनभोवतीच्या ट्रेमध्ये ८०. बाहेर दिलेला माल आणि ट्रेमधला माल हे दोन आकडे नेहमी राहून जातात आणि पुढच्या लॉटमध्ये तेच नग ग्राहकाकडे जातात.

आता खरा प्रश्न: निवडायचे कशाने? तक्रार आली की ‘१०० टक्के तपासणी सुरू केली’ असे लिहायची सवय असते. इथे तीच डायल बोअर गेज घेऊन २,२४० नग तपासले असते तर सगळे पास झाले असते आणि ग्राहकाकडे पुन्हा दांडा अडकला असता. बंदोबस्ताची पद्धत दोष पाहू शकते का, हे आधी सिद्ध करावे लागते. उपाय सोपा आहे. परत आलेले नापास नग आणि मशीन ३ चे चांगले नग मिसळायचे, तपासणाऱ्याला न सांगता द्यायचे, आणि पद्धत दोन्ही वेगळे काढते का ते पाहायचे.

या कसोटीला उतरला तो साधा प्लग गेज. त्याचे ‘गो’ टोक २०.००० चे आणि पूर्ण गोल असते, म्हणून १९.९९२ चे वर्तुळ असलेल्या भोकात ते शिरत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. बोअरचे सरासरी माप २०.०१८ असेल तर १७ मायक्रॉन वाकडेपण असूनही प्लग आत जाईल. दांडा अडकणार नाही, तरी ड्रॉइंगप्रमाणे नग नापासच. म्हणून प्लगच्या जोडीला तीन बिंदूंचा आतला मायक्रोमीटर घेतला. त्याचे तीन पाय एकदा फुगवट्यांवर आणि ६० अंश फिरवून एकदा आत आलेल्या भिंतींवर टेकवले की नापास नगात २०.०२८ आणि १९.९९२ असे दोन आकडे येतात. चांगल्या नगात फरक जवळजवळ नसतो. अर्थात पाच किंवा सात फुगवटे असते तर हे साधन फसले असते. इथे तीनच आहेत हे आलेखाने दाखवले होते म्हणून ते चालले.

पहिल्या दिवशी गेलेल्या उत्तरात मग एवढेच होते: मालाची ठिकाणे आणि आकडे, निवडण्याची पद्धत आणि तिची कसोटी, मशीन ४ थांबवल्याची वेळ, ग्राहकाच्या गोदामातील ३६० नग तिथल्या निवड करणाऱ्या एजन्सीकडून प्लग गेजने तपासून घेण्याची तयारी, समुद्रातील कंटेनर उतरताच तसेच, आणि मधल्या काळासाठी मशीन ३ चे ३०० नग विमानाने. तपासलेल्या नगांच्या टोकावर हिरवा ठिपका आणि खोक्यावर तशीच पट्टी, म्हणजे कोणत्या मालापासून विश्वास ठेवायचा हे ग्राहकाच्या माणसाला गोदामात उभ्या-उभ्या कळते. विमानाचे भाडे आणि एजन्सीचे बिल कारखान्याच्या खिशातून गेले. छोट्या कारखान्याला ते जड जाते, पण लाइन थांबल्याची डेबिट नोट त्याहून जड असते.

‘ऑपरेटरची चूक’ हे उत्तर परत का येते

मशीन ४ वर चौकशी केल्यावर तासाभरातच कळले की चकचा हायड्रॉलिक दाब १२ बारऐवजी २२ बार होता. सेटरने सांगितले, “हो, मीच वाढवला. नग जबड्यात घसरत होता.” झाले. कोणीतरी तिथल्या तिथे डी ४ भरला: कारण, सेटरने परवानगीशिवाय दाब वाढवला, उपाय, सेटरला ताकीद व प्रशिक्षण.

असे उत्तर वाचणारा ग्राहकाचा दर्जा अभियंता एकच प्रश्न विचारतो: उद्या दुसरा सेटर आला तर त्याला दाब वाढवण्यापासून काय रोखेल? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर मूळ कारण अजून सापडलेले नाही. माणूस बदलला तरी दोष घडू शकतो, म्हणजे कारण माणसाच्या पलीकडे आहे.

दाबाने बोअर वाकडा कसा होतो ते आधी समजून घेऊ. तीन जबडे पातळ भिंतीला दाबतात तेव्हा त्या तीन जागी ती आत ढकलली जाते. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापला जातो. जबडे सुटले की भिंत मूळ जागी उसळते आणि त्या तीन जागी बोअर बाहेर फुगतो. जितका दाब जास्त, भिंत पातळ आणि जबड्याची पकड अरुंद, तितका फुगवटा मोठा.

पण हे पटणारे स्पष्टीकरण आहे, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे दोष हवा तेव्हा घडवता आणि घालवता आला पाहिजे. म्हणून मशीन ४ वर १२ बारला पाच नग, २२ बारला पाच, पुन्हा १२ ला पाच असे केले, बाकी सारे तेच ठेवून. गोलाई बाहेरच्या प्रयोगशाळेतून मोजून आणली: १२ बारला ३ ते ५ मायक्रॉन, २२ ला १६ ते १९, परत १२ वर आणताच ३ ते ५. हा पंधरा नगांचा तक्ता डी ४ ला जोडला की ग्राहकाचे निम्मे प्रश्न विचारायच्या आधीच संपतात.

यानंतर ‘का’ विचारत मागे जायचे. दाब का वाढवला? नग घसरत होता. का घसरत होता? १० फेब्रुवारीपासून मशीन ४ वर रफ कटाचा फीड ०.२० वरून ०.२८ केला होता. का? ऑर्डर वाढली, प्रत्येक नगामागे काही सेकंद वाचवायचे होते आणि ती चाचणी फक्त याच मशीनवर होती. फीड बदलताना पकड आणि गोलाई का तपासली नाही? कारण प्रक्रियेतील बदल मंजूर करण्याचा कारखान्याचा फॉर्म नवी मशीन, नवा पुरवठादार आणि नवे टूल यांच्यासाठी होता, फीड-स्पीडच्या बदलासाठी नव्हता. आणि दाबाचे काय? सेटिंगच्या कागदावर प्रोग्राम, टूल आणि ऑफसेट होते, चकच्या दाबाचा रकानाच नव्हता. ‘परवानगीशिवाय’ हा शब्द इथे गळून पडतो, कारण मोडायला नियमच नव्हता. सेटरने तर घसरून नग उडू नये म्हणून शहाणपणाने केले होते.

पाच वेळाच ‘का’ विचारावे असे काही नाही. साखळी उलटी वाचून पाहावी: ‘म्हणून’ घालत खालून वर येताना कुठे वाक्य अडते का? अडले तर तिथे कडी निखळलेली आहे.

दुसरे कारण: नग सुटला कसा

अनेक उत्तरे इथे अपुरी पडतात. दोष घडला का, हा एक प्रश्न आहे. घडलेला दोष कारखान्याच्या फाटकातून बाहेर कसा पडला, हा दुसरा, आणि त्याला स्वतंत्र कारण लागते. जर्मन नमुन्यात यासाठी वेगळा रकाना असतो. तिथे पहिलेच कारण पुन्हा चिकटवले की उत्तर परत येते.

आपल्या कारखान्यात दोन तपासण्या होत्या आणि दोन्ही आंधळ्या होत्या. दर तासाची बोअर गेज दोन बिंदूंची, तिचे पाहिलेच. शिफ्टच्या पहिल्या नगाला प्लग गेज लावायचा असा नियम होता आणि तो पाळलाही जात होता. पण सेटर तो नग चकमध्येच असताना लावत असे, कारण माप चुकले तर लगेच पुन्हा कट घेता येतो. आणि जबड्यात असेपर्यंत बोअर गोलच असतो! प्लग सहज शिरायचा. जबडे सुटल्यावर काय होते ते कोणी पाहतच नव्हते. गेजची पुनरावृत्ती चाचणीही चांगली होती, पण ती चाचणी एवढेच सांगते की गेज दर वेळी तोच आकडा देते. तो आकडा योग्य गोष्टीचा आहे का, हे ती सांगत नाही.

आणखी मागे गेले की दोन्ही साखळ्या एका जागी येतात. प्रक्रियेत काय-काय बिघडू शकते याचा जो तक्ता असतो, पीएफएमईए, तो या स्लीव्हसाठी एका जुन्या, ८ मिलिमीटर भिंतीच्या स्लीव्हवरून उतरवला होता. जाड भिंत जबड्याने वाकत नाही, म्हणून त्यात ‘पकडीमुळे आकार बिघडणे’ ही ओळ नव्हती. ओळ नव्हती म्हणून कंट्रोल प्लॅनमध्ये दाब नव्हता आणि गोलाईची तपासणीही नव्हती, ड्रॉइंगवर ८ मायक्रॉन स्पष्ट लिहिलेले असूनही. हे व्यवस्थेतील कारण. मालकाला ते कागदावर लिहायला नको होते. ऑडिटमध्ये प्रश्न निघतील ही त्यांची भीती खोटी नाही. पण अनुभवी ग्राहक हे कारण स्वतःच ओळखतो, आणि ते लपवलेले दिसले तर ऑडिट लवकर येते.

उपाय निवडताना

दाब १२ वर परत आणणे हा उपाय नव्हे. नग पुन्हा घसरेल आणि महिन्याभरात कोणीतरी नॉब फिरवेल. डी ५ मध्ये प्रत्येक कारणासमोर एक उपाय आणि तो आणखी काय बिघडवेल याचा विचार हवा. फीड मागे घेतला तर उत्पादन घटते. पूर्ण वेढणारे रुंद सॉफ्ट जॉ लावले तर पकड मोठ्या पृष्ठभागावर पसरते, पण दर सेटिंगला ते बोअर करून घ्यावे लागतात. शेवटी ठरले असे: रुंद जॉ, रफ कट जास्त दाबावर, फिनिश बोअरिंग कमी दाबावर, आणि दोन्ही दाब कुलूपबंद. दाब ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तर प्रेशर स्विच सायकल सुरूच होऊ देत नाही. सुटण्याच्या कारणासाठी: प्लग गेज नग चकमधून काढल्यावर, प्रत्येक नगाला, तासाला एकदा तीन बिंदूंचा मायक्रोमीटर, आणि शिफ्टला एक नग गोलाईच्या यंत्रावर.

डी ६ मध्ये ‘करण्यात येईल’ हे शब्द ग्राहकाला नको असतात. कोणी, कोणत्या तारखेला, आणि केल्याचा पुरावा काय, एवढेच लिहावे: स्विचचा फोटो, नव्या सेटिंग कागदाची आवृत्ती, उपायानंतरच्या सलग नगांची गोलाई. पहिल्या उत्तरात पुरावा नसेल तर तारीख द्यावी आणि ती पाळावी. स्विच यायला तीन आठवडे लागणार असतील तर तीनच लिहावेत, आणि तोपर्यंत डी ३ ची हिरव्या ठिपक्याची तपासणी चालू राहील हेही. घाईने ती आधीच बंद करणे ही तक्रार दुसऱ्यांदा येण्याची नेहमीची वाट आहे.

डी ७ मध्ये विचारायचा प्रश्न: हाच दोष आपल्याकडे आणखी कुठे दबा धरून बसला आहे? कारखान्याने पातळ भिंतीचे सगळे नग काढले. आणखी दोन सापडले, दोन्हींवर तीच डायल गेज. एकाची गोलाई ७ मायक्रॉन, मर्यादेच्या काठावर. त्याची तक्रार अजून कोणी केली नव्हती. पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि बदल मंजुरीचा फॉर्म तिन्ही सुधारले. फॉर्ममध्ये आता फीड, स्पीड आणि पकडीचा दाब यांच्या ओळी आहेत.

ग्राहकाने लगेच प्रकरण बंद केले नाही. पुढचे तीन लॉट विनातक्रार गेल्यावर करू असे कळवले, आणि हे नेहमीचेच आहे. डी १ मधील गटात सेटरचे नाव सुरुवातीला नव्हते, अंतिम अहवालात ते होते, कारण दाब वाढवल्याचे पहिल्याच तासात त्याने सांगितले नसते तर पंधरा नगांची ती चाचणी कोणाला सुचलीच नसती. परत आलेल्या १४ नगांपैकी पाच आता मशीन ४ शेजारच्या कपाटात लाल रंग लावून ठेवले आहेत. नव्या तपासनीसाला पहिल्या दिवशी ते चांगल्या नगांत मिसळून देतात.